चार अधिक चार म्हणजे आठ नाही

आजची गोष्ट आपल्या अकोल्याची, गांधी रोडवरच्या एका मोबाईलच्या दुकानातली.

माझ्या मामांनी आयुष्यभर बटनाचा फोन वापरला. सोयाबीन विकून आलेले १२ हजार रुपये खिशात होते आणि मामांचा हात सारखा त्या खिशावर. सॉफ्टवेअरवाला भाचा म्हणून मी सोबत. मामांनी एका खोक्यावर बोट ठेवलं, "हा ८ जीबीवाला द्या. शेजाऱ्याचा ४ चा हाय, लय अटकते."

दुकानदार तो विकून मोकळा झाला असता. पण त्यानं खोकं उलटं केलं. "काका, या ८ च्या डोक्यावर बारीक चांदणी दिसते का? तिचा अर्थ खाली वाचा."

खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: ४ जीबी रॅम, अधिक ४ जीबी व्हर्च्युअल रॅम.

"मंग आठच झाले ना बापा!"

"नाही काका. रॅम म्हणजे माझा हा काउंटर. इथलं सामान हात लांबवला की भेटते. मागचं गोदाम म्हणजे स्टोरेज. आता गोदामातला एक कोपरा बी काउंटरच समजा म्हटलं, तरी तिथलं काही पायजे असलं त मले उठून जा लागते, अन् तुमाले थांबा लागते."

मी इंजिनिअर, पण मला इतकं सोपं सांगता आलं नसतं. फोन खरंच तेच करतो. मागे पडून असलेल्या ॲपचा डेटा तो स्टोरेजमध्ये सरकवतो, आणि स्टोरेज रॅमपेक्षा खूप हळू असतं. शिवाय ती जागा तुमच्या फोटो-व्हिडिओच्या वाट्यातूनच जाते. अगदीच फायदा नाही असं नाही. एखादं ॲप पहिल्यापासून उघडायचं वाचतं. पण ४ चा फोन ८ चा होत नाही.

मग मामांनी मागचे तीन कॅमेरे दाखवले. दुकानदारानं कॅमेरा सुरू केला, "आता एकेक भिंग बोटानं झाका." मोठं भिंग झाकलं तेव्हा स्क्रीन काळी झाली. बाकीची दोन झाकली, तर काहीच फरक नाही! "साधा फोटो हा एकटाच काढते. स्क्रीनवर `0.5x` दिसलं असतं, त दुसरं भिंग बी कामाचं असतं."

शेवटी मामांनी ६ जीबीचा घेतला, अधिक चिन्ह नसलेला. पैसे मोजताना विचारलंच, "यात तुमाले जास्त सुटते का?"

"त्या पहिल्यात जास्त सुटत होते काका. पण दोन महिन्यानं अटकते म्हणून तुमी माझ्याच दारात येसान ना!"

तुमच्या फोनची माहिती सेटिंग्जमध्ये, `About phone` मध्ये असते. तिथे `4 GB + 4 GB` असं दिसलं, तर अधिकच्या आधीचा आकडा खरा काउंटर. बाकी गोदाम. चला, भेटू पुढच्या भागात!