मागच्या सीटवर कोण बसलंय?

(पौड येथील वसंत व्याख्यानमालेत पालकांसमोर दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘किशोरवयीन मेंदूची जडणघडण’. त्यावर बोलणार आहेच, पण ज्यासाठी आलो ते आधी सांगून टाकतो. पाऊस तोंडावर आलाय. ताम्हिणीच्या रस्त्यावर ट्रिपल सीट गाड्या सुरू होतील. तेव्हा पोराला ‘गाडी हळू चालव’ एवढंच सांगू नका. ‘मागे कोण बसणार आहे?’ हे विचारा.

का, ते मेंदूपासून सांगतो. चेतापेशी म्हणजे काय, दोन पेशींमधला जोड म्हणजे काय, हे शाळेच्या पुस्तकात येऊन गेलंय, त्यामुळे तिथे थांबत नाही. विसरला असाल तर घरी मुलांना विचारा. (हशा) मुद्दा असा की लहानपणी हे जोड गरजेपेक्षा जास्त तयार होतात. शिकागोच्या पीटर हटनलॉकर यांनी 1979 मध्ये मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंच्या कापांमधले जोड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. कपाळामागच्या भागात एक-दोन वर्षांच्या बाळाचे जोड मोठ्या माणसापेक्षा सुमारे निम्म्याने जास्त दाट निघाले. पुढे ते कमी होत जातात. डोंगरातल्या पायवाटांसारखंच हे: जिथून रोज ये-जा ती रुळते, बाकीच्या गवतात बुजतात. झाग्रेबच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की कपाळामागच्या भागात ही छाटणी विशीतही चालू असते.

म्हणजे छाटणी हा बिघाड नाही, ती मेंदूची घडण आहे. फक्त ती सगळीकडे एकदम होत नाही.

इथे एक नाव घेतो, आपल्या ओळखीच्या आडनावाचं: नितीन गोगटे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 13 मुलांच्या मेंदूची चित्रं दर दोन वर्षांनी घेतली, तीही आठ-दहा वर्षं. चौथ्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंतचा प्रवास त्यातून जुळवला आणि 2004 मध्ये प्रसिद्ध केला. मेंदूचा वरचा थर आधी हालचाल आणि स्पर्शाच्या भागात पातळ होतो, आणि कपाळामागचा, म्हणजे बेत आखणारा आणि हात आवरणारा भाग खूप उशिरा. मात्र एमआरआयमध्ये जोड दिसत नाहीत, थराची जाडी दिसते. ती छाटणीमुळे कमी होते, तशी तंतूंवर चरबीचं वेष्टण चढल्यामुळेही कमी दिसते. शिवाय मुलं तेराच. त्यामुळे ‘मेंदू पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलावू नका. तशी रेघ कुठल्याही चित्रात नाही. मेंदू हळूहळू पिकतो, आणि प्रत्येकाचा वेगळ्या वेगाने.

(मागून प्रश्न: “मग आमच्या वेळी आम्हीही धबधब्यात उड्या मारल्याच की! काय झालं?”)

काका, तुम्हाला काही झालं नाही, म्हणून तर तुम्ही आज इथे आहात. ज्यांना झालं ते सभागृहात नाहीत, त्यांची बाजू कोण मांडणार? रागावू नका. तुमच्या प्रश्नातच माझा मुद्दा आहे. एक सांगा, त्या उड्या तुम्ही एकटे असताना मारायचात का? (शांतता, मग हशा)

तेच! आता मी जरा रेंगाळणार आहे, संयोजकांनी सांभाळून घ्यावं. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात जेसन चाइन, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस स्कॅनरमध्ये पडलाय आणि पडद्यावर गाडी चालवतोय. वाटेत वीस चौक. जवळ येताच दिवा पिवळा होतो. ब्रेक दाबला तर थोडा वेळ जातो. तसंच दामटलं आणि आडवी गाडी नसली तर वेळ वाचतो, पण धडक बसली तर ब्रेकपेक्षा कितीतरी जास्त वेळ वाया जातो. लवकर पोहोचल्यास पैसे जास्त.

खेळणारे तीन वयोगटांतले: 14 ते 18, 19 ते 22 आणि 24 ते 29. प्रत्येकाला आपले मित्र बरोबर आणायला सांगितलं होतं. एक फेरी एकट्याने, दुसऱ्या फेरीत मित्र शेजारच्या खोलीतून बघताहेत, एवढंच. तिथून ते चिथावणी देत नव्हते.

एकटं असताना 14 ते 18 ची मुलं मोठ्यांइतकीच सांभाळून खेळली. हे वाक्य घरी घेऊन जा. मित्र बघताहेत म्हटल्यावर मात्र त्यांचं दामटणं आणि धडका वाढल्या. मोठ्यांवर तो परिणाम दिसला नाही. मेंदूत काय झालं? मित्र बघत असताना मुलांच्या मेंदूतला बक्षिसाची गोडी लावणारा भाग जास्त चेतला. मोठ्यांमध्ये कपाळामागचा आवरणारा भाग मित्र असोत-नसोत, मुलांपेक्षा जास्त कामाला लागलेला होता. म्हणजे पोराला धोका कळत नाही असं नाही. धोका कळतोच, पण मित्रांसमोर बक्षीस मोठं दिसायला लागतं आणि आवरणारा हात अजून कच्चा असतो.

हे खेळातलंच, असं म्हणाल. अमेरिकेतल्या अपघातांचा हिशेब 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा-सतरा वर्षांच्या चालकाबरोबर तीन किंवा जास्त जण असले तर चालकाच्या मृत्यूचा धोका तो एकटा असतानाच्या जवळपास तिप्पट. मोठ्या वयाच्या चालकांत अशी वाढ दिसली नाही.

आता आपल्या जिल्ह्यातलं. 19 मे 2024 ची पहाट, कल्याणीनगर. गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, चालवणारा 17 वर्षांचा असल्याचा आरोप. प्रकरण न्यायालयाकडे आहे, त्याच्या निकालाबद्दल मी बोलत नाही. जामिनाची एक अट मात्र सगळ्या देशाने ऐकली: 300 शब्दांचा निबंध. सगळीकडे संताप उसळला, आणि तो रास्त होता. पण पालकहो, आपण घरी दुसरं काय करतो? रोज संध्याकाळी 300 शब्दांचा निबंध तोंडी ऐकवतो. निबंध समजेल इतकी बुद्धी सोळाव्या वर्षी असते, शांत बसून विचारलंत तर उत्तर बरोबर येतं. घाटात मागे दोन मित्र ओरडत असताना ते उत्तर हाताशी येत नाही. म्हणून मी म्हणतो, भाषण कमी करा आणि प्रसंग बदला.

(चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.)

“म्हणजे मेंदू कच्चा म्हणून सगळं माफ?” असं एका ताईंनी लिहून दिलंय. नाही. एकटं असताना जो सांभाळून वागू शकतो, तो जबाबदारही असतो. आणि कायद्याने पालकही जबाबदार आहेत. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. वर गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. तेव्हा अठराच्या आत किल्ली द्यायचीच नाही, हा विषय इथेच संपला.

प्रश्न परवाना हातात आल्यानंतरचा आहे. न्यूझीलंडने 1987 पासून टप्प्याटप्प्याचा परवाना आणला: नवख्याने सुरुवातीला रात्री उशिरा एकट्याने चालवायचं नाही आणि सोबतीला कुणी जाणतं नसेल तर मित्र बसवायचे नाहीत. आपल्याकडे असा टप्पा नाही, तर तो घरात पाळा. परवान्याच्या पहिल्या वर्षी मागे घरचं मोठं माणूस, नाहीतर सीट रिकामी. अंधार पडल्यावर मित्रांबरोबर घाट नाही. ताम्हिणीला जायचंच असेल तर सगळ्यांनी एसटीने जावं, किंवा चालवायला घरचं मोठं माणूस असावं. पाण्यात उतरण्याचा निर्णय धबधब्यासमोर घोळक्यात नको, आदल्या रात्री घरात एकट्याने घेऊ द्या, कारण तिथे तो मोठ्यासारखा विचार करतो. आणि एक शब्द द्या: कुठूनही, कितीही वाजता ‘न्यायला या’ असा फोन आला तर जाऊ आणि त्या रात्री एक अक्षर बोलणार नाही. हे मुलींनाही तितकंच लागू आहे.

वेळ संपली. बाकीचे प्रश्न बाहेर चहाच्या वेळी विचारा. पण निघण्यापूर्वी शेजारी बसलेल्या पालकाशी एवढं ठरवून घ्या: तुमचा मुलगा माझ्या मुलाच्या मागे बसणार नाही आणि माझा तुमच्या मुलाच्या मागे. दोन्ही घरांचा नियम एक असला तरच तो पोरांच्या घोळक्यात टिकेल.