कागदी बेतणी आणि खरे कापड
जुन्या लॅपटॉपवर माहितीपट जुळवताना

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्या आणि विद्यार्थिनींच्या शिबिरात केलेल्या मांडणीचे शब्दांकन)



कळंब तालुक्यातल्या एका वस्तीवर कॉलेजच्या पाच मुलींनी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांवर वीस मिनिटांचा माहितीपट केला. मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून आज त्याच अनुभवावर बोलते. चित्रीकरण मोबाईलवरच झाले. नऊ तासांचे चित्रण जमले. पुढचे काम एका जुन्या लॅपटॉपवर करायचे होते. त्यात चार जीबी रॅम होती आणि बॅटरी केव्हाच मेलेली होती.

पहिल्याच दिवशी मुली रडकुंडीला आल्या. बाई बोलतेय, पण पडद्यावर चित्र अडकतेय आणि आवाज पुढे निघून जातोय. कात्री नेमकी कुठे लावायची ते दिसेना. त्यांना वाटले लॅपटॉप बिघडला. तो बिघडलेला नव्हता. मोबाईल जागा वाचवण्यासाठी प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच लिहितो. त्यामुळे मधलेच एक चित्र दाखवायचे म्हटले तरी लॅपटॉपला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब मांडत यावे लागते. नुसते पाहताना हे निभते. जुळणी करताना आपण सारखे मागेपुढे जातो, आणि तिथे जुने यंत्र दमते.

यावरचा उपाय शिवणकाम करणाऱ्या बायकांना लगेच कळेल. नवीन झंपर बेतताना आपण कापडाला एकदम कात्री लावत नाही. आधी वर्तमानपत्रावर बेततो. तसेच इथे प्रत्येक चित्रणाची एक हलकी, छोटी नक्कल करायची. तिला प्रॉक्सी म्हणतात. कापाकापी नकलेवर होते, आणि शेवटी यंत्र तेच काप मूळ चित्रणावर घेते. फिल्मच्या काळातही संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसत. कामापुरती प्रिंट कापत आणि तिच्या कडेच्या आकड्यांवरून शेवटी निगेटिव्ह जुळवत.

आम्ही केडनलाइव्ह हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरला. पण त्याच्याकडे वळण्याआधी दोन कामे उरकली. पहिले नावांचे. मोबाईलने दिलेली आकड्यांची नावे बदलून `07_kalamb_01.mp4` अशी नावे दिली, म्हणजे सातवी बाई, कळंब, पहिला तुकडा. हे सुरुवातीलाच करायचे. जुळणी सुरू झाल्यावर नाव बदलले किंवा फोल्डर हलवले, तर प्रोग्रॅमला फाईल सापडत नाही. मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या. आमच्या मोबाईलचे चित्रण तासाला सुमारे साडेसात जीबी होते, म्हणजे नऊ तासांचे सत्तरच्या आसपास.

दुसरे काम वेगाचे. मोबाईल सेकंदाला तीस चित्रे घेतो म्हणतो, पण उजेड कमी असला की कमी घेतो. लांब मुलाखतीत मग ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. ओळखायचे असेल तर मुलाखतीच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून घ्या. जुळणीत पहिली टाळी जुळते आणि शेवटची जुळत नाही, असे झाले तर हा दोष आहे. तो आधीच काढायचा, प्रॉक्सी नंतर. उलट केले तर नकलेवरचा काप मूळ चित्रणावर थोडा सरकलेला निघतो. आम्ही प्रत्येक फाईलवर ही आज्ञा चालवली:

```
ffmpeg -i 07_kalamb_01.mp4 -c:v libx264 -crf 18 -r 30 -c:a aac -b:a 192k 07_kalamb_01_k.mp4
```

याने वेग एकसारखा होतो. फाईल कधी मूळपेक्षा मोठीही होते, तेवढी जागा ठेवा. जुन्या यंत्राला वेळ लागतो, म्हणून रात्री लावून झोपायचे. पुढची सगळी जुळणी या `_k` फायलींवर.

मग केडनलाइव्हमध्ये Project Settings उघडून Proxy या भागात प्रॉक्सी सुरू केली. फाईल आत घेतली की नक्कल मागे आपोआप बनते, आणि झाली की चित्रावर P हे अक्षर दिसते. P दिसेपर्यंत कापाकापी सुरू करायची नाही. तेवढ्या वेळात मुलींनी वही भरली. वहीत फाईलचे नाव, कितवे मिनिट, बाई काय बोलली, आणि चौथा रकाना परवानगीचा: चेहरा दाखवायचा का, नाव घ्यायचे का. वहीवरूनच चाळीस तुकडे निवडले, चिठ्ठ्या भिंतीवर लावून क्रम ठरवला आणि मग लॅपटॉपवर बसलो. नऊ तास पुन्हापुन्हा पाहण्यापेक्षा हे बरे पडले.

आता ज्यासाठी मी हे सगळे सांगतेय ते ऐका. सातव्या बाईने मुकादमाची उचल आणि तिची न संपणारी फेड यावर मोकळेपणाने सांगितले होते. चेहरा दाखवू नका एवढीच तिची अट होती. मुलींनी तिचा चेहरा धूसर केला. प्रॉक्सीवर सगळे ठीक दिसत होते. तिच्यामागे दारात कुणीतरी उभे होते, पण छोट्या नकलेवर तो नुसता रंगाचा ठिपका. रात्रभर लॅपटॉप चालवून मूळ दर्जात माहितीपट बाहेर काढला आणि सकाळी पाहिले, तर दारात तिची जाऊ स्वच्छ ओळखू येत होती. जाऊ ओळखली की घर ओळखले, आणि घर ओळखले की सातवी बाई कोण ते मुकादमाला विचारावे लागत नाही.

म्हणून हा नियम करा. कापाकापी प्रॉक्सीवर करा, पण झाकायचे काय ते प्रॉक्सीवर ठरवू नका. ज्या ज्या तुकड्यात परवानगीचा प्रश्न आहे, तिथे त्या फाईलची प्रॉक्सी बंद करून मूळ चित्र थांबवून पाहा. दार, खिडकी, आरसा, भिंतीवरचा फोटो, गाडीचा नंबर, सगळे पाहा. अडकत का होईना, एकेक चित्र तर दिसते. आणि बाहेर काढलेली शेवटची फाईल मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहा. बाहेर काढताना प्रॉक्सी वापरून रेंडर करण्याचा पर्याय बंद आहे ना, तेही तपासा. तो चुकून सुरू राहिला, तर लुगड्याचे काठ आणि पाटीवरची अक्षरे फिसकटलेली दिसतात.

आम्ही तो तुकडा काढला आणि फक्त आवाज ठेवला, त्याखाली उसाच्या फडाचे चित्र लावले. पंधरा दिवसांनी सातव्या बाईचा निरोप आला, आवाजही नको. तिचा तो हक्कच. पण जुळणीतून तुकडा काढणे म्हणजे तो पुसणे नव्हे. वही काढून मोजले, तर तिचे बोलणे सहा ठिकाणी होते: दोन डिस्कवरचे मूळ चित्रण, `_k` फाईल, प्रॉक्सी, बाईंना दाखवायला काढलेला कच्चा नमुना, आणि एकीच्या मोबाईलवर. प्रॉक्सी सापडायला सर्वांत उशीर लागला, कारण प्रोग्रॅम ती आपल्याच एका आतल्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्यानंतर आम्ही Project Settings मध्येच प्रॉक्सीसाठी स्वतःचे फोल्डर ठरवायला लागलो, आणि वहीत पाचवा रकाना आखला: प्रती कुठे कुठे आहेत.

माहितीपट आता अठरा मिनिटांचा आहे. तो पहिल्यांदा त्याच वस्तीवर दाखवला. सातवी बाई पहिल्या रांगेत बसली होती. संपल्यावर तिने विचारले, "माझं कुठंच न्हाई ना?" मुलींनी वही उघडून तिच्या ओळीसमोरच्या सहाही खुणा तिला बोटाने दाखवल्या.