इंजिनाचा गव्हर्नर

बेळगुंदीसारख्या गावी ऑईल इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी ज्यांनी ऐकली असेल, त्यांना एक गोष्ट आठवेल. जात्यात दाणे पडू लागले की इंजिनाचा आवाज क्षणभर जड होई आणि लगेच पूर्ववत् होई. इंजिनाला कोणी हात लावलेला नसे. ही करामत गव्हर्नरची.

फिरत्या दांड्यावर बिजागरीने दोन वजने बसवलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात. स्प्रिंग त्यांना आत ओढू पाहते. वजने बाहेर गेली की एक नळी दांड्यावरून सरकते आणि तिला जोडलेला गज इंधनाचा पुरवठा कमी करतो. वेग उतरला की हेच उलट घडते. पवनचक्कीच्या जात्यांत ही युक्ती आधीपासून होती. १७८८ मध्ये जेम्स वॉटने ती वाफेच्या यंत्रास लावली.

समजा, इंजिनाचा सरासरी वेग मिनिटाला १,५०० फेरे आहे. पूर्ण भारावर तो १,४७० आणि भार नसताना १,५३० होतो. हा ६० फेऱ्यांचा, म्हणजे चार टक्क्यांचा फरक दोष नव्हे. भार कमी असता इंधन कमी हवे, त्यासाठी वजने थोडी बाहेर राहिली पाहिजेत, आणि ती बाहेर राहण्यासाठी वेगही थोडा अधिक हवा. हा फरक जितका कमी, तितका गव्हर्नर अधिक संवेदनशील.

मग हा फरक शून्यच का करू नये? कारण तेव्हा एकाच वेगाला वजने कोठेही स्थिर राहू शकतात, आणि वेगात किंचित् बदल होताच थेट टोकाला जातात. जात्यातले दाणे संपले की वेग चढतो, वजने बाहेर जातात, इंधन तुटते. परंतु जड चाकाचा वेग उतरण्यास काही अवधी लागतो. तो उतरतो तेव्हा मर्यादेखाली जातो. मग इंधन पूर्ण सुटते आणि वेग पुन्हा वर उसळतो. या हेलकाव्यांना ‘हंटिंग’ म्हणतात. असे हेलकावे केव्हा विरतात, याचे गणित मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले.

ओळखण्याची खूण सोपी आहे. भार स्थिर असूनही आवाज ठराविक तालात चढतो-उतरतो, आणि इंधनाचा गजही त्याच तालात मागेपुढे होतो. आवाज ताल सोडून तुटत असेल, तर दोष बहुधा इंधनात शोधावा.

मात्र हेलकावे दिसताच स्प्रिंग बदलू नये. इंजिन बंद करून गज हाताने हलवून पाहावा. गंजामुळे किंवा चिकट्यामुळे तो अडखळत असेल, तर वेग बराच बदलेपर्यंत तो जागचा हलत नाही, आणि हलला की गरजेपेक्षा पुढे जातो. खिळी झिजली असेल तरी तसेच होते. हे दोष निवारूनही हेलकावे उरले, तरच अधिक ताठ स्प्रिंग घालावी. फेऱ्यांतला फरक थोडा वाढेल, पण जाते एका चालीने फिरेल.