इज़्दिहाममधला ‘द’ आला कुठून?

आजचा भाग ऑफिसच्या लंच अवरमध्ये सुरू झाला. माझ्या टीममधला एक जण काही महिन्यांनी रियाधला जाणार आहे, म्हणून तो अरबी शिकतोय. मी कॉलेजपासून थोडीफार अरबी वाचते, त्यामुळे अडलं की तो डबा घेऊन माझ्या टेबलाशी येतो.

त्या दिवशी त्याला ‘गर्दी’ हा शब्द अडला होता. आम्ही दोघंही मालाडचे, म्हणजे सकाळी साडेआठची लोकल पकडणारे. हा शब्द आम्हाला अडायला नको होता, पण अडला. अरबीत गर्दीला म्हणतात इज़्दिहाम. त्याने तो कोशात ज़-द-ह खाली शोधला आणि सापडेना. अरबीचे बरेच कोश धातूप्रमाणे लावलेले असतात, शब्दाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे नाही. या शब्दाचा धातू आहे ज़-ह-म. मग मधला ‘द’ कुठून घुसला?

त्याआधी एक छोटी गोष्ट समजून घेऊ. अरबी धातू बहुतेक तीन व्यंजनांचा असतो. त्याच्यावर ठरलेले साचे चढवून नवी क्रियापदं होतात, आणि पुस्तकांत या साच्यांना नंबर असतात. आठव्या साच्यात पहिल्या व्यंजनानंतर एक ‘त’ खुपसतात आणि सुरुवातीला ‘इ’ लावतात. उदाहरण आपल्या घरातलंच आहे. ख-य-र म्हणजे निवडणं, बरं असणं. आठव्या साच्यात त्याचं झालं इख़्तियार, आणि मराठीत आपण म्हणतो अखत्यार. त्याच साच्यातून आला मुख़्तार, म्हणजे आपला मुखत्यार. फ्लॅटच्या कागदपत्रांत मुखत्यारपत्र वाचलं असेल, त्यातला ‘त’ हाच तो उपरा ‘त’.

या हिशोबाने गर्दी ‘इज़्तिहाम’ व्हायला हवी होती. आता इअरफोन असेल तर एक काढा, गळ्यावर बोट ठेवा आणि ‘ज़्ज़्ज़’ म्हणा. थरथर जाणवेल. मग ‘त’ म्हणा, पण नुसता, पुढचा ‘अ’ न ओढता. थरथर नाही. ‘इज़्ति’ म्हणताना गळ्याने आधी थरथरायचं, मध्ये स्वर नसताना एकदम थांबायचं आणि लगेच ‘इ’साठी पुन्हा सुरू व्हायचं. अरबी तोंडाने तो थांबा काढून टाकला. जिभेची जागा तीच ठेवून ‘त’ला थरथर दिली की ‘द’ मिळतो. झालं इज़्दिहाम.

मी हे सांगून खूश होते. म्हटलं, नियम सोपा आहे, आधी घोष व्यंजन असेल तर ‘त’चा ‘द’ होतो. मित्राने डब्यातली भेंडी संपवली आणि विचारलं, “मग इज्तिमा? ‘ज’पण थरथरतो ना?”

उत्तर नव्हतं माझ्याकडे. ज-म-अ या धातूपासून, म्हणजे ‘जमा’च्या धातूपासून, इज्तिमा होतो, इज्दिमा नाही. इब्तिदा, म्हणजे सुरुवात, त्यातही ‘ब’ थरथरतो आणि ‘त’ तसाच राहतो. घरी जाताना कांदिवलीपर्यंत मी हाच विचार करत होते. हो, मालाडला उतरायचं राहून गेलं.

यादी लिहिली तेव्हा उलगडलं. ‘द’ करायला लावणारी अक्षरं तीनच आहेत. दाल, ज़ाल आणि ज़े. या तिघांसाठी जिभेचं टोक दातांपाशी जातं, बरोबर ‘त’च्या शेजारी. ‘ब’ ओठांवर होतो, ‘ज’ला जिभेचा मधला भाग टाळूला लागतो. तिथून ‘त’कडे येताना तोंडाला जागा बदलावीच लागते, आणि तेवढ्यात थरथरही बदलता येते. म्हणजे नुसतं घोष असणं पुरत नाही, शेजारही लागतो. राहिले न, र, ल. तेही टोकाचे आणि घोष आहेत, पण त्यांच्यात हवा अडून घर्षण होत नाही. त्यांच्यानंतर ‘त’ सुखाने येतो. आपणही ‘संत’ आणि ‘वसंत’ म्हणतोच की. म्हणून अरबीत इंतिज़ार.

आता दुसरा गट, जड अक्षरांचा. उर्दू वर्गात यांची नावं स्वाद, ज़्वाद, तोय, ज़ोय अशी ऐकाल. ती चारही जिभेच्या टोकाचीच आहेत, पण मूळ अरबी उच्चारात जिभेचा मागचा भागही घशाकडे खेचला जातो आणि आवाज जाड होतो. यांच्यापुढे साधा पातळ ‘त’ आला, तर मागचा ताण अर्ध्यात सोडावा लागतो. म्हणून ‘त’सुद्धा जाड होतो, म्हणजे तोय होतो. मालवणीत हाक मारलीत तर वळणारा एखादा मुस्तफा भेटेलच. त्याच्या नावाचा धातू स्वाद-फ़-व, म्हणजे शुद्ध असणं, आणि नावाचा अर्थ निवडलेला. स्वादमुळे त्यातला ‘त’ तोय झालाय. आपण आणि उर्दूवालेही दोन्ही ‘त’ सारखेच म्हणतो, त्यामुळे कानाला काही कळत नाही, पण उर्दूत नाव लिहिलं की तोय दिसतो. एक सावधानी, हा जाड ‘त’ म्हणजे आपला ‘ट’ नव्हे. ‘ट’ला टोक मागे वळतं, इथे टोक दातांशीच राहतं.

‘क़ाफ़’ही जाड वाटतो, पण त्याच्यानंतर ‘त’ बदलत नाही. कारण पुन्हा तेच, तो घशाजवळचा आहे, शेजारी नाही.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर हे ओळखीचं वाटेल. बुध् अधिक त, बुद्ध. दृश् अधिक त, दृष्ट. तिथेही ‘त’ बदलतो आणि आधीच्या व्यंजनाशी जुळवून घेतो. संधीत एरवी बहुतेक वेळा पुढचं अक्षर मागच्याला बदलतं, जगत् अधिक नाथ जगन्नाथ. अरबीच्या या साच्यात मात्र बहुतेक वेळा धातूचं अक्षर हलत नाही, ‘त’च जुळवून घेतो. मला हे पटतं. ‘त’ प्रत्येक शब्दात तोच असतो, त्याचा वेश बदलला तरी ओळखता येतो. धातूचं अक्षर बदललं तर अर्थच हरवेल.

अपवाद आहे. ज़ाल कधीकधी स्वतःही ‘द’ होतो. ज़िक्रच्या धातूपासून इद्दकर होतं, म्हणजे ‘त्याला आठवलं’. असा शब्द कोशात शोधताना खरोखर घाम फुटतो.

आणि आता आपला शब्द. दाल-ऐन-वाव, म्हणजे हाक मारणं, मागणी करणं. त्यातूनच दावा. आठव्या साच्यात ‘इद्तआ’ व्हायला हवं, पण ‘द’पुढे ‘त’ टिकत नाही, म्हणून इद्दआ. त्याचं कर्मणी रूप मुद्दआ, जे मागितलं किंवा मांडलं ते. मराठीत मधला ऐन गळला आणि उरला मुद्दा. आई फोनवर “मुद्द्याचं बोल” म्हणते, तेव्हा त्यातल्या जोड‘द्द’मध्ये एक ‘त’ लपलेला असतो.

मित्राने शेवटी इफ़्तार विचारला, हाही आठवाच ना? नाही. फ़-तोय-र हा धातूच आहे, तोय तिथला घरचा. ओळखायची खूण अशी. आठव्या साच्याच्या नामात त्या ‘त’ किंवा ‘द’नंतर ऱ्हस्व ‘इ’ येते. इख़्-ति-यार, इज्-ति-मा, इज़्-दि-हाम. इफ़्-तारमध्ये थेट ‘आ’ आहे. शिवाय तोय काढला तर फ़ आणि र एवढंच उरतं, आणि दोन अक्षरांत धातू भागत नाही.

त्याने कोश उघडला, ज़-ह-म काढलं, आणि साडेआठच्या लोकलचा शब्द त्याच पानावर होता.