गच्चीवरच्या सोलरचा पंचवीस वर्षांचा हिशेब

आज वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा, कारण आज आपण आकडेमोड करणार आहोत.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई कागद घेऊन आल्या. सोलर बसवून देणाऱ्याने त्यांना तो दिला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पंचवीस वर्षांत अकरा लाखांची बचत’. ताईंना गटाकडून कर्ज हवं होतं. कर्ज मंजूर करायचं तर आधी तो आकडा आला कुठून, हे बघायला हवं होतं.

ताईंच्या घरी महिन्याला साधारण २२० युनिट वीज लागते. वीजबिलातला स्थिर आकार बाजूला काढला, कारण तो सोलर बसवल्यावरही भरावाच लागतो. उरलेल्या रकमेला युनिटांनी भागलं, तर एका युनिटला ८ रुपये पडले. दोन किलोवॅटचा संच पावसाळा धरून वर्षाला अडीच हजार युनिट देईल असं आम्ही धरलं. हे सगळे युनिट घरातच खपतात. घरच्या गरजेपेक्षा जास्त वीज झाली, तर वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना कमी भाव मिळतो, म्हणून उगाच मोठा संच घेऊ नये. अडीच हजार गुणिले आठ, म्हणजे पहिल्या वर्षी २० हजार रुपये वाचतात. इथपर्यंत कागद बरोबर होता.

पुढे मात्र त्यात विजेचा दर दरवर्षी सहा टक्के वाढेल असं धरलं होतं आणि पॅनेल पंचविसाव्या वर्षीही नव्यासारखंच चालेल असं मानलं होतं. प्रत्यक्षात पॅनेलची ताकद दरवर्षी थोडी कमी होते. वर्षाला अर्धा ते पाऊण टक्का, असं धरून चालावं. आम्ही ०.७ टक्के धरले. मग पंचविसाव्या वर्षी अडीच हजारांऐवजी साधारण २,११० युनिट मिळतात.

हिशेब सोपा आहे. गेल्या वर्षीच्या युनिटांना ०.९९३ ने गुणायचं, गेल्या वर्षीच्या दराला १.०३ ने गुणायचं, म्हणजे तीन टक्के वाढ झाली. मग दोन्हींचा गुणाकार करायचा. दुसऱ्या वर्षी २,४८२ युनिट आणि ८ रुपये २४ पैसे दर, म्हणजे सुमारे २०,४५० रुपये. असं पंचवीस ओळी लिहून बेरीज केली, तर ६ लाख ६४ हजार येतात. दर अजिबात वाढला नाही, तर ४ लाख ६० हजार. म्हणजे अकरा लाखांना फुगवणारी गोष्ट मुख्यतः दरवाढीचा आकडा आहे. पॅनेलच्या झिजेने त्यातले लाखभरच कमी होतात.

आता सहा टक्के खरे की खोटे, हे कसं ओळखायचं? शेवटच्या ओळीतला दर बघा. वर्षाला सहा टक्क्यांनी पंचविसाव्या वर्षी युनिट ३२ रुपयांना पडतं! तीन टक्क्यांनी सव्वासोळा. शिवाय दर नेहमी वाढतोच असंही नाही. २०२५ साली आपल्या राज्याच्या वीज नियामक आयोगाने दर कमी करण्याचाही आदेश काढला होता. म्हणून मी तीन टक्के आणि शून्य टक्के, असे दोन्ही हिशेब करते आणि निर्णय शून्यावर घेते.

आता खर्च. संच १ लाख २० हजारांचा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६० हजार अनुदान आहे, पण ते संच बसल्यानंतर खात्यात येतं, तोवर पूर्ण रक्कम आपणच उभी करावी लागते. पुढे दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागतो, त्याला २५ हजार धरले. धुणं-दुरुस्तीला वर्षाला हजार, म्हणजे आणखी २५ हजार. एकूण १ लाख १० हजार. दर न वाढताही ताईंना साडेतीन लाख उरतात.

पण कर्जाचा हप्ता पंचवीस वर्षांच्या बेरजेतून जात नाही, या महिन्याच्या बचतीतून जातो. महिन्याची बचत १,६६७ रुपये. अनुदानानंतर उरलेल्या ६० हजारांवर महिना एक टक्का व्याजाने तीन वर्षांचा हप्ता १,९९३ रुपये होता. दरमहा सव्वातीनशे कमी पडले असते. चार वर्षांचा हप्ता १,५८० येतो, तो बचतीत बसतो. म्हणून आम्ही चार वर्षांची मुदत दिली, आणि अनुदान आलं की ते थेट कर्जात भरायचं असं लिहून घेतलं.

ताई म्हणाल्या, “अकरा लाखांचे साडेतीनच झाले की गं!” मी म्हटलं, “पण ताई, हे साडेतीन हातात पडायचे आहेत.”

तुमच्या हातात असा कागद आला, तर आधी त्यातला दरवाढीचा टक्का शोधा. तो लिहिलेलाच नसेल, तर विचारा. मग तुमच्या बिलावरून पंचवीस ओळी स्वतः मांडा.