बाटलीची मागची बाजू

आकाशवाणीने मला आज ओमेगा थ्रीबद्दल बोलायला सांगितलं आहे. अभ्यासात लक्ष न लागणाऱ्या, एका जागी न टिकणाऱ्या मुलांना, म्हणजे ज्याला आम्ही एडीएचडी म्हणतो त्या मुलांना, माशाच्या तेलाच्या गोळ्या द्याव्यात का? माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीन पालक तरी हे विचारतातच.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. तिसरीतल्या एका मुलाची आई आली. गणित सोडवायला बसला की तिसऱ्या ओळीला उठायचा, पाणी पिऊन यायचा आणि आपण कुठे होतो हे विसरायचा. पट्टी, खोडरबर, डबा, रोज काहीतरी शाळेत राहायचं. आई म्हणाली, "डॉक्टर, दोन महिने ओमेगा थ्री देतेय, हजार मिलिग्रॅमची. काही फरक नाही." मी म्हटलं, बाटली आणलीय का? तिने पिशवीतून काढली. पुढे ठळक अक्षरांत १००० होतं. मी बाटली फिरवली. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ईपीए १८० मिलिग्रॅम, डीएचए १२० मिलिग्रॅम.

हे नीट समजून घ्या. हजार मिलिग्रॅम हे माशाच्या तेलाचं वजन झालं. त्यात ओमेगा थ्रीची जी दोन मुख्य आम्लं आपल्याला हवी असतात, ती ईपीए आणि डीएचए, यांची बेरीज झाली ३००. उरलेलं सगळं साधं तेल. लक्ष लागण्याच्या बाबतीत संशोधकांची नजर जास्त ईपीएवर आहे. ज्या अभ्यासांत थोडा गुण दिसला, त्यांत ईपीए साधारण रोज ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त होतं. या मुलाला मिळत होतं १८०. म्हणजे दोन महिने दिलेल्या त्या गोळीवरून, त्याला उपयोग होतो की नाही, हे काहीच कळलं नव्हतं. म्हणून पुन्हा सांगते, बाटलीची मागची बाजू वाचा. आणि किती गोळ्यांसाठी तो आकडा दिला आहे तेही बघा, कारण काही डब्यांवर तो दोन गोळ्यांचा मिळून असतो.

आता अभ्यास काय सांगतात? २०११ साली दहा चाचण्या, मिळून सुमारे ७०० मुलं, एकत्र तपासली गेली. परिणाम दिसला, पण लहान. मेथिलफेनिडेटसारख्या नेहमीच्या औषधाचा परिणाम रुपया धरला, तर हा तीस-चाळीस पैसे. ईपीए जास्त तिथे गुण थोडा जास्त, हेही त्याच तपासणीत दिसलं. पुढे २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३७ चाचण्या पाहिल्या. त्यात आईवडिलांनी नोंदवलेल्या लक्षणांत खऱ्या गोळीच्या आणि खोट्या गोळीच्या मुलांमध्ये फरक जवळजवळ नव्हताच. म्हणजे सरसकट सगळ्या मुलांना गोळी देऊन फार काही हाती लागत नाही.

मग काही मुलांना फायदा होतो आणि काहींना नाही, असं का? माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं उत्तर २०१९ मधल्या एका अभ्यासात आहे. तैवानमधली चायना मेडिकल युनिव्हर्सिटी आणि लंडनचं किंग्ज कॉलेज यांच्या संशोधकांनी तो केला. एडीएचडी असलेली ९२ मुलं, सहा ते अठरा वर्षांची. काहींना रोज १.२ ग्रॅम ईपीए, काहींना खोटी गोळी, बारा आठवडे. त्यांनी सुरुवातीलाच रक्तातलं ईपीए मोजून ठेवलं होतं. ज्यांच्या रक्तात ते कमी होतं, त्यांचं लक्ष टिकवणं सुधारलं. ज्यांच्या रक्तात आधीच भरपूर होतं, त्यांचा उतावळेपणा काही मोजमापांत खोट्या गोळीच्या मुलांपेक्षाही कमी सुधारला. कमतरता भरून काढली तर गुण येतो, भरलेल्या घागरीत आणखी ओतलं तर सांडतं. अभ्यास लहान आहे, पण 'जास्त द्या, नुकसान तर नाही' असं म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

ही रक्ततपासणी आपल्याकडे सहजासहजी होत नाही. म्हणून मी आईला विचारते, घरात मासे किती वेळा होतात? इथे माझा एक आवडता विषय येतो, तारली. पेडवे, तारली, बांगडा हे तेलकट मासे. शंभर ग्रॅम तारलीत ईपीए आणि डीएचए मिळून साधारण एक ग्रॅम, मोसमाप्रमाणे कमीजास्त. आठवड्यातून दोनदा खाल्ली, तर रोजचे अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम पडतात आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांची सर्वसाधारण पोषणाची गरज त्यात भागते. पापलेटात एवढं तेल नाही. तरी पाहुणे आले की आपण तारली मागे ठेवतो आणि मुलांनाही तेच शिकवतो. हे बरं नव्हे. काटे काढून द्यावे लागतात, तेवढा वेळ द्या. शाकाहारी घरांत जवसाची चटणी खातात, ती जरूर खावी. पण जवसातल्या ओमेगा थ्रीचं ईपीए शरीरात फार थोडं बनतं आणि डीएचए तर त्याहून कमी. त्यांच्यासाठी शेवाळाच्या तेलाच्या गोळ्या मिळतात. त्यांच्याही मागचा ईपीएचा आकडा बघायचा, कारण बऱ्याच गोळ्यांत फक्त डीएचए असतं.

परत त्या मुलाकडे येते. त्यांच्या घरात मासे होतच नव्हते. मी आईला आधी वही ठेवायला सांगितली. दोन आठवडे काहीच द्यायचं नाही, फक्त लिहायचं. वीस मिनिटांच्या गृहपाठात किती वेळा उठला आणि शाळेत काय विसरला. मग त्याच बाटलीतल्या तीन गोळ्या रोज, जेवणाबरोबर, म्हणजे ५४० मिलिग्रॅम ईपीए. गिळता येत नाही म्हणून आई गोळी टोचून तेल गरम वरणात घालत होती, त्यामुळे वास उठायचा आणि मूल ताट सरकवायचं. मी ते थंड दह्याबरोबर द्यायला सांगितलं. कालावधी तीन महिने, कारण पेशींमध्ये ओमेगा थ्री मुरायला वेळ लागतो. वर्गशिक्षिकांना काय चाललं आहे हे न सांगता दर महिन्याला विचारायचं, कारण गोळी देणाऱ्या आईला सुधारणा दिसतेच, खोट्या गोळीनेसुद्धा दिसते. तीन महिन्यांनी वहीत उठण्याची संख्या सहावरून चारवर आली होती. विसरणं तसंच होतं. बाईंनाही थोडासाच फरक वाटला. शेवटी एडीएचडीचं नेहमीचं औषध सुरू केलं, आणि गोळ्या आईच्या इच्छेने चालू राहिल्या.

वेळ संपत आली, राहिलेलं भराभर सांगते. कॉड लिव्हर ऑईल वेगळं, त्यात अ जीवनसत्त्व असतं. ते तीनपट दिलं तर अपाय होऊ शकतो. तेलाला खवट वास येत असेल तर बाटली टाकून द्या. माशांची ॲलर्जी, रक्त पातळ करणारं औषध किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मळमळ, जुलाब झाले तर प्रमाण कमी करा. आणि चालू असलेलं औषध या गोळ्यांच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नका. आजच तुमच्या कपाटातली बाटली काढा, फिरवा आणि ईपीएसमोरचा आकडा वाचा.