जानेवारी-फेब्रुवारीतल्या जन्माचा प्राणी कोणता?

आज आम्ही आमच्या गटाकडून झालेल्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहोत. चूक एकदा नाही, दोनदा झाली, आणि दोन्ही वेळा उलट्या दिशेने झाली.

आमचा गट कापडी खेळणी शिवतो. गटातल्या एका ताईंची नणंद सिंगापूरला राहते. तिथे चिनी वंशाचे लोक पुष्कळ. त्यांच्या नववर्षाला शेजाऱ्यांना भेट द्यायची म्हणून तिने बारा प्राण्यांची ऑर्डर दिली. चिनी लोकांत प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो. क्रम असा: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. बारा वर्षं झाली की पुन्हा उंदीर. ज्या वर्षी जन्म, तो त्या माणसाचा प्राणी. नणंदेने प्रत्येकाची जन्मतारीख पाठवली होती. आम्ही मोबाईलवरचा तक्ता काढला, सन बघितलं आणि शिवायला बसलो.

एका बाईंची तारीख होती १० फेब्रुवारी १९८५. तक्त्यात १९८५ पुढे बैल. आम्ही छान शिंगंबिंगं लावून बैल शिवला. फोटो पाठवला तर निरोप आला, "अगं, या बाई उंदीर आहेत!"

का, ते आपल्याला समजायला अवघड नाही. आपलं मराठी वर्ष १ जानेवारीला लागतं का? नाही, पाडव्याला लागतं. १९८५ च्या फेब्रुवारीत शके १९०६ चालू होतं, शके १९०७ लागलं ते पुढच्या पाडव्याला. चिनी लोकांचंही तसंच. त्यांचं नवं वर्ष १९८५ साली २० फेब्रुवारीला लागलं. त्याआधी दहा दिवस जन्मलेल्या बाई जुन्याच वर्षातल्या. ते वर्ष १९८४ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे उंदराचं. तक्त्यात नुसतं सन छापलेलं असतं, त्यामुळे ही गोष्ट दिसतच नाही.

बैल बाजूला ठेवला, उंदीर शिवला. आणि आम्ही ठरवून टाकलं, की जानेवारी-फेब्रुवारीत जन्म असला की मागच्या वर्षाचा प्राणी घ्यायचा. झालं, दुसरी चूक इथे झाली.

पुढची तारीख होती ३० जानेवारी १९९०. तक्त्यात १९९० पुढे घोडा. आम्ही म्हटलं, जानेवारी आहे, एक वर्ष मागे चला, आणि साप शिवला. पण १९९० साली चिनी नववर्ष २७ जानेवारीलाच लागलं होतं. हे गृहस्थ तीन दिवसांनी जन्मलेले, म्हणजे घोडाच. फेब्रुवारीतल्या बाई मागे गेल्या आणि जानेवारीतले गृहस्थ मात्र पुढेच राहिले. नुसत्या महिन्यावर काही ठरत नाही, हे तेव्हा कळलं.

मग ही तारीख दरवर्षी हलते कशाला? त्यांचे महिने चंद्रावर चालतात, आपल्यासारखेच. चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात, म्हणजे वर्ष ११ दिवसांनी कमी पडतं. म्हणून नववर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतं. १९८८ मध्ये ते १७ फेब्रुवारीला होतं, १९८९ मध्ये ६ फेब्रुवारीला, १९९० मध्ये २७ जानेवारीला. असंच सरकत राहिलं तर ते थंडी सोडून पावसाळ्यात जाईल. म्हणून आपण जसा अधिक महिना धरतो, तसा तेही धरतात. १९९० मध्ये एक महिना जास्त आला आणि १९९१ चं नववर्ष एकदम १५ फेब्रुवारीवर गेलं.

पण या सरकण्याला हद्द आहे. आज हयात असलेल्या माणसांच्या काळात ही तारीख २१ जानेवारीच्या आधी आली नाही आणि २० फेब्रुवारीच्या पुढे गेली नाही. यावरून आमचं काम खूप सोपं झालं. जन्म १ ते २० जानेवारीमधला असेल, तर डोळे मिटून मागच्या वर्षाचा प्राणी. २१ फेब्रुवारी किंवा त्यानंतरचा असेल, तर त्याच सनाचा. मधल्या दिवसांतला असेल तेवढंच थांबायचं आणि त्या सनाचं नववर्ष कोणत्या तारखेला होतं ते बघायचं. जन्म त्याच्या आधीचा असेल तर मागचा प्राणी. त्या दिवशीचा किंवा नंतरचा असेल तर नवा.

तारखांची यादी हाताशी नसेल, तर घरातलं पंचांगही कामी येतं. चिनी महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला वर्षातला सर्वांत लहान दिवस असतो. त्यानंतरची दुसरी अमावास्या म्हणजे बहुधा त्यांचं नववर्ष. १९८९ च्या डिसेंबरात २८ तारखेला पहिली अमावास्या झाली, आणि दुसरी आली २७ जानेवारी १९९० ला. बरोबर जुळलं. मात्र चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, आणि पंचांगात तिथी सूर्योदयाची लिहितात. त्यामुळे एका दिवसाचा फरक पडू शकतो. अधिक महिना नेमका तिथेच आला, तर क्वचित दुसरीऐवजी तिसरी अमावास्या धरावी लागते. म्हणून जन्म अगदी काठावरचा असेल, तर पंचांगावर न थांबता छापील यादीच बघायची.

आता एक गंमत. आमच्या त्या दोन्ही चुका कुणाच्या तरी हिशेबाने बरोबर होत्या! चीनमध्ये भविष्य सांगणारे पुष्कळ जण नववर्ष धरत नाहीत. ते वसंत लागण्याचा दिवस धरतात. तो सूर्यावर ठरतो, म्हणून दरवर्षी ४ फेब्रुवारीच्या आसपासच येतो. त्या हिशेबाने १० फेब्रुवारी १९८५ च्या बाई बैल ठरतात, आणि ३० जानेवारी १९९० चे गृहस्थ साप. म्हणजे एकाच माणसाला दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली, तर कुणीतरी खोटं बोलतंय असं समजू नये. कोणता हिशेब धरलाय, एवढं विचारावं. घरोघरी सामान्य माणसं नववर्षच धरतात. नणंदेच्या शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं.

तो बैल आणि तो साप आमच्या कपाटात अजून आहेत. कापड, कापूस आणि दोन दुपारची शिवण फुकट गेली. आता आमच्या ऑर्डरच्या वहीत सनाच्या शेजारी पूर्ण तारखेचा रकाना आहे. जानेवारी-फेब्रुवारीची तारीख दिसली, की तिला लाल पेनने गोल करायचा आणि नववर्षाची तारीख बघितल्याशिवाय कात्री उचलायची नाही, असं ठरलंय.

जाता जाता एक हिशेब तुम्ही करा. २०२६ मध्ये घोड्याचं वर्ष १७ फेब्रुवारीला लागलं. मग १० फेब्रुवारी २०२६ ला जन्मलेल्या बाळाचा प्राणी कोणता? घोडा म्हणालात, तर आमच्या कपाटातल्या बैलाला सोबत मिळाली म्हणायची. ते बाळ सापाच्या वर्षातलं आहे.